मधमाशी कुणाच्या घरची?

गेल्या वर्षी ईदनंतरच्या आठवड्यात धुळ्याहून एक मुलगी जळगावला माझ्याकडे आली. शाळेत इंग्रजी शिकवते. घरी दखनी वळणाची हिंदी, गल्लीत अहिराणी, वर्गात मराठी आणि हातात इंग्रजी पुस्तक, अशी तिची चौपदरी भाषा. काही जुन्या इंग्रजी कथांचा तिने मराठी अनुवाद केला होता आणि एका प्रकाशनसंस्थेच्या संपादकांनी हस्तलिखितावर लाल शाईने दुरुस्त्या करून ते परत पाठवले होते. "सर, एकदा बघा," एवढेच म्हणून तिने ते बाड माझ्यापुढे ठेवले.

पहिल्याच पानावर वाक्य होते : 'ती मधमाशीसारखी व्यस्त होती.' संपादकांनी त्यावर खूणसुद्धा केलेली नव्हती. पुढे चौथ्या पानावर तिने 'अय्यूबसारखा सब्र' असे लिहिले होते. ते लाल शाईने खोडून वर 'धर्मराजासारखा संयम' असे घातले होते आणि समासात शेरा मारला होता, 'मराठी वाचकाला समजेल असे लिहा.'

माझे भांडण या दोन्ही वाक्यांशी आहे. एक अनुवादिकेचे, दुसरे संपादकांचे. पण दोन्हींच्या मुळाशी एकच आजार आहे. इंग्रजी उपमा दिसली की तिच्या जागी मराठी उपमा बसवायची, एवढेच अनुवादाचे काम आहे असे आपण धरून चाललो आहोत. शाळेच्या गाइडांमध्ये दोन रकान्यांचे तक्ते असतात. डावीकडे 'ॲज बिझी ॲज अ बी', उजवीकडे 'मधमाशीसारखा उद्योगी'. डावीकडे 'ॲज प्राउड ॲज अ पीकॉक', उजवीकडे 'मोरासारखा गर्विष्ठ'. पिढ्यान् पिढ्या हे तक्ते पाठ करून आपण परीक्षा दिल्या, आणि मग तेच तक्ते घेऊन अनुवाद करायला बसलो. मोर आपल्याकडे नाचतो, पिसारा फुलवतो, पावसाची चाहूल देतो. गर्व कधी केला? घुबड इंग्रजीत शहाणे आहे म्हणून 'घुबडासारखे शहाणे आजोबा' असे लिहाल, तर आपल्या घरात आजोबांचा अपमान होईल. 'उल्लू' ही शिवी आहे हे खानदेशातल्या लहान पोरालाही ठाऊक असते.

आधी मधमाशीचेच घेऊ. व्यस्त हा शब्द आपण हिंदीकडून या अर्थाने उचलला. मराठी शाळेत आजही गणिताच्या तासाला 'व्यस्त प्रमाण' शिकवतात, म्हणजे एक वाढले की दुसरे घटते ते उलटे प्रमाण. जुन्या मराठीच्या कानाने ऐकले तर 'मधमाशीसारखी व्यस्त' म्हणजे मधमाशीसारखी उलटी! पण शब्द बाजूला ठेवू. मधमाशी तरी आपल्याकडे कामसूपणाची खूण आहे का?

इंग्रजीतली ही माशी पाळीव आहे. शेतकऱ्याच्या परसात गवताच्या पेंढ्यांनी विणलेल्या टोपलीत ती राहत असे, आणि दिवसभर तिची ये-जा घरातल्या बाईच्या डोळ्यांसमोर चाले. म्हणून ती कामसू ठरली. चौदाव्या शतकाच्या शेवटी चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये ही उपमा येते. तिथे गंमत अशी की बायका पुरुषांना फसवण्यात मधमाश्यांसारख्या गुंतलेल्या असतात, असे एक पात्र म्हणते. म्हणजे उपमा तेव्हाही तयार होती, फक्त कामाची जात वेगळी होती.

आपली ओळखीची माशी रानातली. सातपुड्यात कड्याला आणि उंच झाडांना लटकलेले आग्यामोहोळ, रात्री धूर करून काढलेला मध, आणि चुकून कुणी दगड मारला तर गावभर पळापळ. पाश्चात्त्य जातीची पाळीव माशी भारतात नीट रुजली ती 1960च्या दशकात. म्हणून मराठीत माशीवरून जे शब्द आले ते कामाचे नाहीत. मोहोळ उठते, लोक माश्यांसारखे घोंगावतात. आणि एक फार सुंदर शब्द आला, माधुकरी. दारोदार थोडे थोडे मागावे, कोणत्याच घरावर भार पडू नये, जसा मधुकर फुलाला न दुखवता मध घेतो. ज्या भाषेने मधमाशीकडून मागण्याची रीत शिकली, तिच्यावर 'मधमाशीसारखी व्यस्त' हे वाक्य लादणे म्हणजे त्या भाषेने माशीकडे कधी पाहिलेच नाही असे समजणे होय.

मग बिझी माणसाला मराठी काय म्हणते? माझी दादी सुनेविषयी सांगायची, "तिच्या पायाला भिंगरी आहे." शेजारच्या चौधरीकाकू म्हणायच्या, "मान वर करायला सवड नाही हो." आणि कामाने पिचलेल्या माणसाला 'घाण्याला जुंपलेला बैल' म्हणतात. या तीन गोष्टी सारख्या नाहीत. भिंगरीत धावपळ आहे. मान वर न करण्यात एकाच जागी चाललेले नेटाचे काम आहे. घाण्याच्या बैलात शीण आहे आणि कुठेही न पोचण्याचे दुःख आहे. इंग्रजी माशी यातले काहीच सांगत नाही, ती फक्त 'फार' सांगते. यातला कोणता अर्थ घ्यायचा हे कथेतली बाई त्या वेळी काय करते आहे त्यावरून ठरवायचे असते. गाइडातल्या तक्त्याला ते ठरवता येत नाही, कारण तक्त्यात बाईच नसते.

आता मुद्द्यावर येतो. इंग्रजीतल्या पुष्कळशा तयार उपमा या उपमा उरलेल्याच नाहीत. त्या 'फार' या शब्दाचे काम करतात. 'ॲज फिट ॲज अ फिडल' म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सारंगी नसते. 'ॲज कूल ॲज अ क्युकंबर' म्हणताना काकडी कुणी पाहत नाही. कान देऊन ऐका : बिझी-बी, फिट-फिडल, कूल-क्युकंबर, डेड-डोअरनेल, प्राउड-पीकॉक. पहिले अक्षर जुळले पाहिजे, एवढीच त्यांची अट. तो ध्वनीचा ठेका आहे, चित्र नव्हे.

असा ठेका मराठीत कुठे आहे? तो उपमेत नाही, विशेषणाच्या शेपटीत आहे. काळाकुट्ट, हिरवागार, थंडगार, कोरडाठाक, ओलाचिंब, गोडमिट्ट, कडूजहर. आपण हे शब्द दिवसातून दहादा वापरतो आणि अनुवाद करायला बसलो की विसरतो. 'ॲज ड्राय ॲज डस्ट' दिसले की 'धुळीसारखे कोरडे' लिहितो. कोरडेठाक आठवतच नाही.

आणि या शेपट्या नुसत्या ठेक्याच्या नाहीत, त्या अर्थही वाटून घेतात. इंग्रजी माणूस पांढरेपणाचे दोन प्रकार दोन नामांनी सांगतो : बर्फासारखा पांढरा आणि चादरीसारखा पांढरा. पहिला स्वच्छतेचा, दुसरा भीतीने रक्त उतरलेल्या चेहऱ्याचा. मराठी तोच भेद शेपटीने करते : पांढराशुभ्र आणि पांढराफटक. 'तिचा चेहरा चादरीसारखा पांढरा झाला' असे वाक्य मी छापील पुस्तकांत वाचले आहे. 'ती पांढरीफटक पडली' असे तिथे हवे होते. काळ्याचे तर चार भाग आहेत. केस आणि डोळे काळेभोर, रात्र काळीकुट्ट, खडक काळाकभिन्न, आणि अपमानाने चेहरा पडला की तो काळाठिक्कर. इंग्रजीतला 'कोळशासारखा', 'डांबरासारखा', 'डोमकावळ्यासारखा' हे सगळे जर आपण शब्दाला शब्द उतरवले, तर सुंदर केसांना डोमकावळा चिकटतो आणि प्रियकराचे प्रेम तिथेच आटते.

इंद्रियांबाबत तर मराठी आणखी काटकसरी आहे. खांबासारखा बहिरा, वटवाघळासारखा आंधळा, टोपीवाल्यासारखा वेडा, या तीन इंग्रजी उपमांना मराठीचा एकच शब्द पुरतो : ठार. ठार बहिरा, ठार आंधळा, ठार वेडा. इथे वटवाघूळ शोधत बसणे व्यर्थ आहे.

या अंकाच्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पिवळाजर्द या शब्दात 'जर्द' म्हणजे काय? फारसीत जर्द म्हणजे पिवळाच. पांढराशुभ्रमध्ये संस्कृत शुभ्र, पिवळाजर्दमध्ये फारसी जर्द. कडूजहरमधले जहर फारसी. 'ॲज फ्रेश ॲज अ डेझी'ला आपला चोख शब्द ताजातवाना, तोही दोन्ही पायांनी फारसी. हुबेहूब हाही तिकडचाच. मराठीने आपला ठेका धरताना संस्कृत आणि फारसी दोघांनाही शेपटीला बसवले आणि कुणाची जात विचारली नाही. हे आठवावे आणि मग त्या लाल शाईकडे वळावे.

'द पेशन्स ऑफ जोब' असा इंग्रजीत प्रयोग आहे. जोब म्हणजे बायबलातले जे सत्पुरुष, त्यांनाच कुरआनात हजरत अय्यूब म्हटले आहे. धनदौलत गेली, मुले गेली, देहाला रोग जडला, तरी त्यांचा सब्र सुटला नाही. आपल्या घरांत आजारी माणसाच्या उशाशी आजही अय्यूब अलैहिस्सलामांचा सब्र आठवतात. म्हणजे इंग्रजी वाक्यातला माणूस आणि धुळ्याच्या मोहल्ल्यातला माणूस एकच आहे! असा योग अनुवादात क्वचित जुळतो. तो संपादकांनी खोडला आणि तिथे धर्मराज युधिष्ठिराला आणून बसवले. का? 'मराठी वाचकाला समजेल' म्हणून.

मी विचारतो, कोणत्या मराठी वाचकाला? कुंभकर्णाची झोप मला समजते, कर्णाचे औदार्य समजते, भीमाची ताकद समजते. ती मी शाळेत शिकलो, शेजाऱ्यांच्या ओट्यावर ऐकली. ती माझ्या भाषेची आहे, म्हणून माझी आहे. मला कुंभकर्ण समजू शकतो, तर माझ्या शेजाऱ्याला अय्यूब का समजू नये? हातिमताई आणि शेखचिल्ली त्याला समजतातच की. 'बाबा आदमच्या काळातली गाडी' असे तो रोज म्हणतो. समजण्याचे ओझे नेहमी एकाच बाजूने का वाहावे?

पण मी त्या मुलीलाही सोडले नाही. तिला म्हणालो, "बेटा, तुझा अय्यूबही इथे बरोबर नाही." ती चमकली. कथा इंग्लंडमधल्या एका ख्रिस्ती विधवेची होती. तिच्या घरात बायबल आहे, आणि मराठी बायबलात या सत्पुरुषाचे नाव ईयोब आहे, जसे सॉलोमनचे नाव शलमोन आहे. मराठी ख्रिस्ती समाज हे नाव पिढ्यान् पिढ्या उच्चारतो आहे. म्हणून तिथे ईयोबच हवा. निवेदक रावेर-यावलकडचा तडवी शेतकरी असता तर अय्यूब चालला असता, नव्हे, तोच हवा होता. आणि धर्मराज? त्या विधवेच्या तोंडी तो कधीच चालणार नाही. नाव असलेली उपमा ही माणसाच्या श्रद्धेची निशाणी असते. ती बदलली की वाक्य सोपे होत नाही, माणूस बदलतो.

एवढ्यावर कुणी म्हणेल, म्हणजे सगळ्या इंग्रजी प्राण्यांना आणि वस्तूंना हाकलून लावायचे का? नाही. तिथेच तर खरी पारख आहे. उपमा निर्जीव आहे की जिवंत, हे ओळखायला एक सोपी कसोटी आहे. पुढची चार वाक्ये वाचा. लेखक पुन्हा त्या वस्तूकडे वळतो का? वळला नाही, तर ती ठेका आहे. शेपटी लावा आणि पुढे जा. वळला, तर ती वस्तू हलवण्याचा तुम्हाला अधिकार नाही.

डिकन्सच्या 1843 सालच्या 'अ ख्रिसमस कॅरोल'ची सुरुवात पाहा. मार्ली नावाचा माणूस मेला आहे हे सांगताना निवेदक 'डेड ॲज अ डोअरनेल' ही घासून गुळगुळीत झालेली उपमा वापरतो. इथवर 'ठार मेला' पुरले असते. पण लगेच तो थबकतो आणि स्वतःशीच वाद घालतो की दारातल्या खिळ्यात एवढे मेलेले काय असते. आपल्याला तर शवपेटीचा खिळा अधिक मेलेला वाटतो. पण उपमा पूर्वजांनी ठरवली, तिला आपण हात लावू नये. ज्याने पहिल्या वाक्यात खिळा उडवून लावला, त्याला दुसऱ्या वाक्यात शवपेटीचा खिळा कुठे ठोकावा ते सुचणार नाही. इथे खिळा ठेवलाच पाहिजे. फक्त त्याला 'असे म्हणतात' एवढी जोड द्यावी, म्हणजे ही रूढ म्हण आहे आणि निवेदक तिची थट्टा करतो आहे, हे मराठी कानाला कळते.

दुसरे उदाहरण आपल्या जवळचे. कुरआनाच्या सूरह जुमुआमध्ये ग्रंथ मिळूनही त्याप्रमाणे न वागणाऱ्यांना ग्रंथांचे ओझे वाहणाऱ्या गाढवाची उपमा दिली आहे. एका मित्राने ती समजावताना 'पालथ्या घड्यावर पाणी' असे म्हटले. मराठी म्हणून उत्तम, अर्थ म्हणून चूक. पालथ्या घड्यात काही शिरतच नाही. गाढवाच्या पाठीवर सगळे आहे, पूर्ण भार आहे, शीणही आहे, आणि तरी त्याच्या पदरी काही नाही. निंदा नेमकी त्या वाहण्याची आहे. घडा आणला की तीच नाहीशी होते.

त्या दिवशी मी तिच्यासाठी चार वाक्यांचा एक इंग्रजी परिच्छेद स्वतःच रचला. पाव भाजणारी विधवा सकाळपासून 'ॲज बिझी ॲज अ बी' आहे. टपालवाला दिसताच ती 'ॲज व्हाइट ॲज अ शीट' होते. तीन वर्षे तिने जोबच्या धीराने मुलाच्या पत्राची वाट पाहिली आहे. पत्र वाचून झाल्यावर तिचे हात मांडीवर येऊन बसतात, दोन म्हाताऱ्या कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात परताव्यात तसे.

आम्ही एकेक वाक्य घेतले. पहिल्यात भिंगरी नको, कारण कणीक मळणारी बाई जागेवर उभी असते. घाण्याचा बैल नको, कारण ती पिचलेली नाही. उरले 'मान वर करायला फुरसत नव्हती'. आणि ते पुढच्या वाक्यालाही उपयोगी पडले, कारण टपालवाला आल्यावरच तिने मान वर केली. दुसऱ्यात पांढरीफटक. तिसऱ्यात ईयोब. चौथ्यात तिने विचारले, "सर, कोंबड्यांऐवजी कबुतरे घेऊ का? छान दिसतील." मी नाही म्हणालो. ही उपमा तयार माल नाही, लिहिणाऱ्याने याच हातांसाठी घडवली आहे. म्हातारपण, थकवा, आणि रोजच्या जागी परतणे, हे सारे त्या कोंबड्यांत आहे. कबुतरे उडून जातील आणि दुःख हलके होईल.

शेवटी कागदावर आले ते असे : 'सकाळपासून तिला मान वर करायला फुरसत नव्हती. टपालवाला दारात दिसला तेव्हा तिने ती केली, आणि ती पांढरीफटक पडली. तीन वर्षे तिने ईयोबाच्या धीराने मुलाच्या पत्राची वाट पाहिली होती. पत्र वाचून झाले तेव्हा तिचे हात मांडीवर येऊन बसले, संध्याकाळी खुराड्यात परतलेल्या दोन म्हाताऱ्या कोंबड्यांसारखे.' चार उपमांपैकी दोन गेल्या, एक नाव राहिले, एक चित्र जसेच्या तसे राहिले. तक्ता पाहून हा हिशेब लागला नसता.

एक मर्यादाही कबूल करतो. काही ठिकाणी ठेका आणि चित्र यांची सरहद्द पुसट असते. लेखक मेलेली उपमा नकळत वापरतो आहे की खोडसाळपणे, हे एका परिच्छेदावरून कळत नाही. पुस्तक संपेपर्यंत वाट पाहावी लागते. म्हणून उपमांचा अनुवाद पहिल्या खर्ड्यात पक्का करू नये. मी त्या जागी पेन्सिलीने गोल करून पुढे जातो आणि सगळे पुस्तक झाल्यावर परत येतो.

आणि उलट्या दिशेनेही हाच न्याय लावा. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या निधनानंतर 1952 साली पुस्तकरूपाने आली. मनाला त्यांनी उभ्या पिकात पुन्हा पुन्हा शिरणाऱ्या मोकाट गुराची उपमा दिली. उद्या कुणी इंग्रज अनुवादक म्हणाला, आमच्या वाचकाला पीक आणि गुरे समजत नाहीत, मी तिथे माकड घालतो, तर आपण सगळे, ते लाल शाईवाले संपादकही, चवताळून उठू. आणि उठायलाच हवे. मग तोच अदब त्या परक्या विधवेच्या कोंबड्यांना आणि तिच्या ईयोबाला का नाही?

त्या मुलीने 'मधमाशीसारखी व्यस्त' स्वतःच खोडले आणि धर्मराजाच्या जागी ईयोब लिहून बाड परत पाठवले. सोबतच्या पत्रात तिने एकच प्रश्न विचारला आहे : आपला मराठी वाचक नेमका कुठे राहतो? संपादकांचे उत्तर अजून आलेले नाही. तिचा मुक्काम मात्र धुळ्याला आहे, आणि तीही मराठी वाचकच आहे.